शेवटच्या बाकावरून दिसणाऱ्या एकवीस ओळी

माझ्या लांबच्या लेकरांनो,

मागच्या रविवारी थोरलीने शिकवणीचा व्हिडिओ रेकॉर्ड करता करता मला कॉलवर दाखवला. ती आता तिकडे मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते आणि शिकवताना पडद्यावर काय चाललंय ते रेकॉर्ड करते. काळ्या पडद्यावर मुंग्यांची रांग चालावी तशी अक्षरं, डावीकडे फायलींची यादी, उजवीकडे त्याच प्रोग्रॅमचा आणखी बारीक नकाशा, खाली एक पट्टी, तिच्याखाली दुसरी पट्टी. ती म्हणाली, "आजी, दिसतंय ना?" मी म्हणाले, "हो, छान दिसतंय."

मला काही दिसत नव्हतं. मग धाकट्याने मधेच तिला सांगितलं, "अगं ताई, झेन मोड लाव ना. कंट्रोल के, मग झेड. आणि फाँट वाढव." तिने तसं केलं. याद्या, नकाशा, पट्ट्या सगळं गेलं, उरला तो फक्त प्रोग्रॅम, मोठ्या अक्षरांत. तेव्हा मला कळलं की ती काहीतरी बेरीज करत होती. "हो, दिसतंय" हे वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं, ते मात्र तुम्हाला माहीत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

नव्वदच्या दशकात मी आपल्या नगर जिल्ह्यात, श्रीरामपूरच्या बाजूला, एका कॉलेजात गणित शिकवत होते. संस्थेने मुलींसाठी दुपारचा कॉम्प्युटर वर्ग काढला, आणि गणित म्हणजे आकडे, कॉम्प्युटर म्हणजेही आकडे, असा सरळ हिशेब करून तो माझ्याकडे दिला. मी पुण्याला जाऊन सी भाषा शिकून आले. सोबत एक तरुण सर होते, मूळचेच पुण्याचे. ते मशीन सांभाळायचे.

मशीन चार आणि मुली त्याच्या कितीतरी पट. म्हणून संस्थेने पॅनेल आणलं. तुमच्या जन्माआधीची वस्तू आहे, समजावून सांगते. पारदर्शक कागदावरचं लिखाण भिंतीवर पाडणारा एक दिव्याचा प्रोजेक्टर असे. त्याच्या काचेवर ही पाटीएवढी चपटी पेटी ठेवायची आणि तिची वायर कॉम्प्युटरला जोडायची. मग कॉम्प्युटरवर जे असेल ते भिंतीवर येई. येई म्हणजे, साधारण. आमचं पॅनेल रंग जाणत नव्हतं. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावरची पिवळी अक्षरं भिंतीवर करड्यावर करडी होऊन उतरायची. पंखा इतका घोंघावायचा की मला ओरडून शिकवावं लागे. पण आजूबाजूच्या कुठल्याही कॉलेजात असं यंत्र नव्हतं, आणि नसलेल्या गोष्टीला नावं ठेवता येतात, असलेल्याला नाही.

वर्षभराने संस्थेने ठरवलं की समिती येऊन वर्ग बघेल. वर्ग चांगला चालला असेल तर राहील, नाहीतर चारही मशीन नगरच्या मोठ्या कॉलेजात जातील. मुलींनी तिकडे जाऊन शिकावं, असं कागदावर होतं. शेवटच्या बाकावर बेलापूरची एक मुलगी बसायची. सायकलने यायची. मी तिला विचारलं, "नगरला जाशील?"

ती म्हणाली, "मॅडम, हितं यायलाच दादाची सायकल भांडून घेतीय. नगरला म्हटलं तर आई म्हनंल, कॉम्प्युटर ऱ्हाऊ दे, आधी पोरगा बघू."

समितीच्या तयारीला संस्थेचे सचिव स्वतः आले. त्यांचं शिक्षणाबद्दलचं मत एकच होतं: फळा भरलेला असावा. रिकामा फळा म्हणजे रिकामा मास्तर. पुण्याच्या सरांना ते पटलं, कारण त्यांच्याकडे भिंत भरायचा उपाय होता. टर्बो सीच्या सेटिंगमध्ये पडद्यावर पंचवीस ओळींऐवजी पन्नास ओळी मांडता येत. अक्षरांची उंची अर्धी होई, पण अख्खा प्रोग्रॅम एका दमात मावे. शिवाय त्यांनी खाली संदेशांची खिडकी आणि चलांच्या, म्हणजे व्हेरिएबल्सच्या, किमती दाखवणारी खिडकी, दोन्ही उघडून ठेवल्या.

"बघा मॅडम, किती प्रोफेशनल दिसतंय."

सचिव म्हणाले, "वा! आता वाटतंय काहीतरी घेतलंय म्हणून."

मी शाळेत असताना आमच्या बाई फळ्यावर लिहून झालं की मागे चालत जायच्या आणि शेवटच्या बाकावर बसून स्वतःचं अक्षर वाचायच्या. ती सवय मीही लावून घेतली होती. मागे जाऊन बसले. भिंतीवर करडी धूळ दिसत होती. माझा चष्मा नवा होता, तेव्हा त्याला दोष देता येईना.

"मुलींनो, दिसतंय का?"

"होऽय मॅडम!" सगळ्या एका सुरात.

बेलापूरच्या मुलीला म्हटलं, "वाच बरं." तिने घडाघडा वाचलं. इंट आय, फॉर, आय इज इक्वल टू वन, आय लेस दॅन ऑर इक्वल टू टेन, अर्धविरामासकट. सचिवांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा पुसला.

सचिव गेल्यावर मी पुढे जाऊन दहाच्या जागी आठ केला आणि परत म्हटलं, "वाच." तिने पुन्हा तितक्याच जोरात दहा वाचला. मग शेजारणीला उठवलं. तिनेही दहा. तिसरीनेही दहा. सगळ्या बाकांवरच्या मुली भिंतीकडे टक लावून बघत होत्या आणि सगळं पाठ म्हणत होत्या. माझ्या मुलींनी सी भाषा मनाच्या श्लोकांसारखी तोंडपाठ केली होती. पाठांतराला चुकीचं म्हणावं तर त्या चुकत नव्हत्या. भिंत चुकत होती.

"अगं, दिसत नाही असं सांगायचं की!"

ती मुलगी म्हणाली, "मॅडम, येवढं महागाचं मशीन. त्याच्यात दिसना म्हनलं तर आमचंच डोळं खराब म्हनतील."

सर थोडे दुखावले. मी म्हटलं, "सर, पंचवीस ओळी करा."

"अहो, मग अर्धा प्रोग्रॅम बाहेर जाईल."

"अर्धा कशाला ठेवायचा? छोटाच लिहू."

"समितीला वाटेल आम्हाला एवढंच येतं."

"समितीला शिकवायचंय की मुलींना?"

"समितीला पटलं तरच मुली राहणार ना, मॅडम," ते म्हणाले. यात ते चुकत होते असं मला आजही म्हणता येणार नाही.

आम्ही दोघांनी मग वाद घालत घालतच भिंत धुतली म्हणा. टर्बो सीतून बाहेर पडून डॉसला मोड बीडब्ल्यू-एटी अशी आज्ञा दिली आणि परत आत आलो. रंग गेले, काळं-पांढरं आलं, करड्यातून अक्षर वेगळं निघालं. पन्नास ओळींच्या पुन्हा पंचवीस केल्या. संदेशांची खिडकी बंद केली, किमतींची बंद केली. एफ-फाइव्ह दाबलं. त्याला तिथे झूमच म्हणत. त्याने अक्षर मोठं होत नाही, लिहायची खिडकी तेवढी पसरून सगळी जागा घेते. वरचा मेनू, खालची पट्टी आणि खिडकीची चौकट काही जाईना, त्यांचा हट्ट मोडला नाही. मधे उरल्या एकवीस ओळी. तुमच्या झेन मोडची ही गावाकडची आत्या समजा. प्रोजेक्टर मागे नेला तर चित्र मोठं होई पण फिकं पडे, म्हणून तो होता तिथेच ठेवला, आणि खिडक्यांवर सरांच्या खोलीतल्या सोलापुरी चादरी टांगल्या. मागे बसून पाहिलं. आठ हा आठ दिसत होता.

समितीच्या दिवशी पुढच्या खुर्च्यांवर चार जण बसले. मधे अध्यक्ष. पांढरी टोपी, हातात काठी, वय झालेलं. सगळा तालुका त्यांना आबा म्हणे. सचिवांनी भिंतीवर दहाबारा ओळी पाहिल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, हे काय? बाकीचं कुठं गेलं?"

"बाकीचं नकोच होतं."

"आहो, अर्धी भिंत मोकळी सोडलीत!"

आता काही करता येण्यासारखं नव्हतं. मी शिकवायला लागले. पाढा छापणारा साधा प्रोग्रॅम, सतराचा. मुलींना पाठ असलेला प्रोग्रॅम आय इज इक्वल टू वनपासून सुरू होई. मी त्या दिवशी एकाच्या जागी तीन लिहिला. समितीसाठी नाही, त्यांच्यासाठी. पाठ म्हणतात की वाचतात, ते मला हवं होतं. कंट्रोल एफ-नाइन दाबून चालवला, ऑल्ट एफ-फाइव्ह दाबून उत्तर भिंतीवर आणलं.

आबांना आकडे ओळखीचे वाटले. ते खुश झाले, डोळे मिटले आणि काठीने ताल धरून सुरू झाले, "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस..." शेजारचे तिघेही मान डोलवू लागले. सचिव म्हणाले, "अगदी बरोब्बर, आबा! जसंच्या तसं!"

आबांनी डोळे उघडले. भिंतीवर पहिलाच आकडा एक्कावन्न.

"आं? बाई, ह्याचा सतरा कुठं हाय? चौतीस कुठंय?"

"मशीन नवीन आहे, आबा," सचिव घाईने म्हणाले. "सर, नीट करा जरा."

सर हलले नाहीत. मी परत प्रोग्रॅम भिंतीवर आणला आणि मुलींकडे वळले. मग शेवटच्या बाकावरून आवाज आला.

"आबा, मशीन बरोबर हाय. आय तीनपासून धरलाय. तिसऱ्या ओळीत बघा, फॉरच्या कंसात."

"तुला तिथून दिसतंय व्हय गं?"

"आज दिसतंय," ती म्हणाली.

आबा काठी टेकत उठले, भिंतीपाशी गेले आणि तो तीन बोटाने चाचपून आले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आकडा तो आकडा. "तीन हाय," त्यांनी समितीला सांगितलं. "म्हंजे पोरीला मागनं वाचता येतं आन् आपन हितं पुढं डोळं मिटून बसलोय."

समितीतलं कोणी हसलं नाही. सचिव आधी हसले, मग थांबले.

वर्ग राहिला. मशीन नगरला गेली नाहीत. समितीच्या अहवालात मात्र यशाचं श्रेय पॅनेलच्या उत्तम दर्जाला दिलं होतं, आणि इतक्या उत्तम वस्तूला धूळ लागू नये म्हणून ते कपाटात बंद करून किल्ली सचिवांकडे ठेवावी, अशी शिफारस होती. त्यानंतर ते आम्हाला मागावं लागे, आणि बहुतेक वेळा आम्ही खडूने फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचो, एकवीसच ओळी, मोठ्या अक्षरांत. सरांनी ही सवय पुढे पुण्याला परत जाताना सोबत नेली, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

थोरले, तुझा व्हिडिओ आता छान दिसतो. हे मी रेकॉर्डिंग परत लावून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची ठेवून पाहिलंय. तरी पुढच्या वेळी "दिसतंय ना?" असं विचारू नकोस. एखादा आकडा बदल आणि वाचायला लाव.

पॅनेल कधी मोडीत गेलं, मला माहीत नाही. तो वर्ग अजून भरतो. बेलापूरची ती मुलगी आता तिथेच शिकवते, आणि शिकवायला सुरुवात करण्याआधी शेवटच्या बाकावर जाऊन बसते.