आखूड वाक्यांची लांबी

सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं. तिसऱ्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत एक बाई हातात स्टॉपवॉच धरून एकच वाक्य नवव्यांदा वाचत होत्या. "आधी ब्रेक, मग रुग्ण." एक पूर्णांक आठ दशांश सेकंद. त्यांनी आकडा पेन्सिलीने कागदाच्या उजव्या रकान्यात लिहिला. त्याच्या वर सकाळपासूनचे आठ आकडे होते, सगळे जवळजवळ तेच.

बाई बावन्न वर्षांच्या. ऑफिसात त्यांना कात्रीताई म्हणतात. घरी पडून असलेल्या रुग्णांची काळजी कशी घ्यायची, हे घरच्या माणसांना शिकवणाऱ्या छोट्या फिल्म इथे तयार होतात. फिल्म मराठीत लिहिली जाते आणि मग चार भाषांत डब होते. ऑफिसात त्या भाषांना पहिली, दुसरी, तिसरी, चौथी असंच म्हणतात, चार सुनांना हाक मारावी तसं. चारही भाषांना चित्र एकच. चित्रातला हात जेवढा वेळ दिसतो, तेवढ्यात वाक्य संपलं पाहिजे.

कात्रीताईंना हे नाव तिसऱ्या फिल्मनंतर पडलं. पहिल्या दोन फिल्ममध्ये चौथी भाषा प्रत्येक शॉटच्या बाहेर सांडत होती. तिसऱ्या फिल्मला ताईंनी प्रत्येक वाक्यातले दोन-तीन शब्द उडवले आणि चारही भाषा चित्रात नीट बसल्या. मॅडमनी, म्हणजे निर्मितीप्रमुखांनी, नियमच करून टाकला: वाक्य सहा शब्दांच्या वर नको. ताईंनी तो पाचांवर आणला. पण चौथ्या आणि पाचव्या फिल्मला भाषा पुन्हा सांडल्या. ताईंनी आणखी कापलं. सहावी सगळ्यांत वाईट गेली.

सहावी फिल्म रुग्णाला पलंगावरून व्हीलचेअरमध्ये बसवण्याची. तीन दिवसांपूर्वी तिच्या चौथ्या भाषेतल्या प्रतीची चाचणी झाली. एका सभागृहात दहा घरांतली माणसं पडद्यावर बघत बघत तसंच करत होती. रुग्णाच्या जागी संस्थेचेच कर्मचारी. एका मुलीने ब्रेक न लावता 'वडिलांना' उठवलं, खुर्ची मागे सरकली आणि तो कर्मचारी जमिनीवर बसला. मुलीची चूक नव्हती. ब्रेकचं वाक्य तिच्या कानावर पडलं, तेव्हा पडद्यावरचा रुग्ण अर्धा उभा राहिला होता.

"आज पाच वाजता मी परत बघणार," मॅडमनी सकाळी सांगितलं. "ब्रेकचं वाक्य चारही भाषांत उठवण्याच्या आधी संपलं, तर सातवी तुमची. नाही तर पुढच्या सगळ्या बाहेरच्या लेखकांकडे जातील. ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण माणूस पडला."

"मी आणखी कापते."

"कापा. कसंही करा."

चाचणीतलं वाक्य होतं, "उठवण्याआधी ब्रेक लावायला विसरू नका." ताई वाचायच्या तेव्हा दोन पूर्णांक चार सेकंद. चौथीत ते पाच पूर्णांक दोन झालं होतं. आता चार शब्द, एक पूर्णांक आठ. ताईंनी ते चार अनुवादकांना पाठवलं आणि चहा घेतला. साडेअकराला उत्तरं आली. पहिलीत चार सेकंद. दुसरीत चार पूर्णांक सहा. तिसरी तेवढी आधीपेक्षा कमी, तीन पूर्णांक नऊ. चौथी, सहा.

ताईंनी कागद उलटा करून पाहिला, जणू मागे काही लिहिलेलं असेल. सहा? शब्द कमी केले आणि वाक्य वाढलं? चौथीच्या अनुवादिकेला फोन लावला.

"अहो, मी चार शब्द दिले. तुम्ही सोळा केले."

"तुम्ही दिलेत चार, पण त्यात कुणाचा ब्रेक ते नाही. पलंगालाही चाकं असतात काही ठिकाणी. 'मग रुग्ण' म्हणजे रुग्णाचं काय करायचं? आमच्याकडे असं अर्धवट बोललं तर लोक विचारतात, रुग्णाला ब्रेक लावायचा का? मला सगळं लिहावं लागलं."

"मराठीत कळतं."

"मराठीत तुम्हाला कळतं," अनुवादिका म्हणाली आणि मग जरा नरमली. "मी एखादा शब्द कमी करून बघते. पण आशा ठेवू नका."

ताईंनी सहाव्या फिल्मचा पूर्ण तक्ता काढला आणि हायलायटरने रंगवत बसल्या. एका ठिकाणी आठ शब्दांचं वाक्य चुकून राहून गेलं होतं: "पाय ठेवायच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी वर उचलून घ्या." ते चारही भाषांत फक्त अर्ध्या-पाऊण सेकंदाने वाढलं होतं. आणि ताईंचं आवडतं, "घाई म्हणजे घात", हे तीन शब्दांचं वाक्य तिसरीत पाच सेकंदांचं झालं होतं. त्यांना यातून कुठलाच नियम दिसेना. लांब वाक्य बसतं, आखूड सांडतं. मग तिसरी फिल्म कशी बसली होती?

दीड वाजता नवऱ्याचा फोन आला. ते निवृत्त आहेत आणि रोज या वेळी भाजीत मीठ किती, हे विचारतात.

"अर्धा चमचा. ऐका ना, लहान केलं की मोठं होतंय."

"काय? भाजी?"

"वाक्य हो. चार शब्दांचे सोळा होतात."

"त्यात काय नवल! तू तुझ्या आईला फोनवर नुसतं 'येते' म्हणतेस. आई तेच तुझ्या मावशीला सांगते तेव्हा अर्धा तास लागतो. कधी येते, कशी येते, कुणाबरोबर, राहणार का. तू सांगितलं नाहीस, म्हणून त्यांना भरावं लागतं."

"म्हणजे मी पूर्ण सांगायचं?"

"मला काय विचारतेस? मी मिठाचं विचारायला फोन केला."

दुपारी अडीचला ताई खाली स्टुडिओत गेल्या. चौथीचा कलाकार काचेच्या आत हेडफोन लावून उभा होता. आवाज भारदस्त, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणतात. समोरच्या पडद्यावर एक हात ब्रेकच्या दांडीवर यायचा आणि लगेच रुग्ण उठायचा. भोंगा तीनदा बोलला. तिन्ही वेळा रुग्ण उठून खुर्चीत बसेपर्यंत त्याचं वाक्य चालूच.

"ताई," तो बाहेर येऊन म्हणाला, "हे वाक्य आहे की शंभर मीटरची शर्यत? मी श्वास कुठे घेऊ? त्या रुग्णालाच सांगा, जरा थांब म्हणून."

"मी आणखी एक शब्द काढते."

"नको! मागच्या वेळी काढलात तेव्हा तो हातसुद्धा पळायला लागला."

"हात कसा पळेल? हात शूट झालाय."

भोंग्याने खांदे उडवले. "मला काय माहीत. मागच्या आठवड्यात हात निवांत होता."

ताई तशाच संकलकाच्या खोलीत गेल्या. संकलक म्हणजे चित्रं जोडणारा माणूस, पस्तिशीचा, बोलण्यापेक्षा माउस जास्त हलवणारा. ताईंनी त्याला ब्रेकचा शॉट दाखवायला सांगितला.

"हा मूळचा किती आहे?"

"शूट केला तेव्हा सात सेकंद. हात येतो, एक ब्रेक लावतो, दुसऱ्या बाजूला जातो, दुसरा लावतो."

"मग पडद्यावर दोनच सेकंद का दिसतो?"

संकलकाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमच्या पायलट आवाजावर लावलाय ना." ताई प्रत्येक फिल्मचं मराठी आधी स्वतःच्या आवाजात वाचून देतात. त्याला इथे पायलट म्हणतात. त्या आवाजावर चित्र जोडलं जातं. "तुमचं वाक्य संपलं की शॉट संपवायचा, असंच ठरलंय. आज सकाळी तुम्ही नवा पायलट दिलात, अर्ध्या सेकंदाने आखूड. मी शॉटही तेवढा कापला."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. तुम्ही वाक्य कापता, मी चित्र कापतो."

ताई स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांना बोलायला जागा मीच कमी करत होते?"

"तसं म्हणायचं तर, हो."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला वेग हवाय."

"मग तिसरी फिल्म कशी बसली? तीही कापलेलीच होती."

संकलकाने तिसरी फिल्म उघडली. त्यात एक खराखुरा म्हातारा रुग्ण हात वर उचलत होता. त्याला हात उचलायला अकरा सेकंद लागत होते. मधेच कापलं असतं तर हात तुटल्यासारखा दिसला असता, म्हणून संकलकाने शॉट पूर्ण ठेवले होते. ताईंचं वाक्य तीन सेकंदांत संपायचं आणि पुढे आठ सेकंद शांतता. त्या शांततेत चारही भाषा आरामात बसल्या होत्या. वाक्यातले शब्द कमी केल्याचा त्यात काही वाटा होता की नाही, हे ताईंना ठरवता येईना. दुसऱ्या एका शॉटमध्ये तो होताही, असं त्यांना वाटत होतं.

साडेतीन वाजले होते. ताईंनी नवं वाक्य लिहिलं: "रुग्णाला उठवण्याआधी व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लावा." वाचायला चार सेकंद. पायलट वाचताना पुढे तीन सेकंद त्या मुद्दाम गप्प राहिल्या. हे गप्प राहणं कठीण निघालं. पहिल्या दोन वेळा दीड सेकंदातच त्यांनी "आता" म्हणून पुढचं वाक्य सुरू केलं. तिसऱ्या वेळी संकलकाने हात वर धरून त्यांना थांबवलं. मग त्याने सातच्या सात सेकंद परत घातले.

अनुवादिकेचं उत्तर सव्वाचारला आलं. पाच सेकंद. "हे सोपं गेलं," तिने लिहिलं होतं, "काही भरावं लागलं नाही." भोंग्याने एका दमात बोलून दाखवलं आणि त्याचं वाक्य संपल्यावरही रुग्ण पलंगावरच बसलेला होता. बाकीच्या तीन भाषाही सहाच्या आत आल्या.

पण आता फिल्म आठ मिनिटांच्या वर गेली होती, आणि आठच्या वर फिल्म घ्यायची नाही असं मॅडमचं सांगणं आहे. दीड सेकंद काढायचा होता. ताईंनी तक्त्यावरून दोनदा नजर फिरवली आणि "घाई म्हणजे घात" शॉटसकट काढून टाकलं.

पाच वाजता मॅडमनी चारही प्रती बघितल्या. प्रत्येक वेळी ब्रेकच्या शॉटला पेन खाली ठेवून.

"आता बसतंय," त्या म्हणाल्या. "काय केलंत? आणखी कापलंत?"

"वाढवलं."

"वाढवलं?" मॅडमनी संकलकाकडे बघितलं. तो माउस हलवत होता. "मग सहा शब्दांचा नियम?"

"मला माहीत नाही," कात्रीताई म्हणाल्या. "काही वाक्यांना तो लागू पडत असेल. कुठल्या, ते मला अजून कळलेलं नाही."

मॅडमनी थोडा विचार केला. "सातवी तुम्हीच लिहा. नियम सध्या बाजूला ठेवू. पण पायलट एकटीने वाचायचा नाही. चौथीचं वाक्य आधी हातात घ्या, आणि चित्र जोडायचं ते त्या लांबीवर."

"म्हणजे अनुवाद आधी, चित्र नंतर?"

"उलटं वाटतंय, नाही?"

"सगळंच उलटं वाटतंय," ताई म्हणाल्या आणि तक्ता आवरू लागल्या.

सातवी फिल्म रुग्णाला कुशीवर वळवण्याची आहे. तिची पहिली अकरा वाक्यं उद्या सकाळी साडेनऊला अनुवादिकेकडे जातील. पायलटचं ध्वनिमुद्रण दुपारी अडीचला आहे आणि स्टुडिओच्या वहीत त्या वेळेपुढे पहिल्यांदाच दोघांची नोंद आहे: कात्रीताई आणि भोंगा.