कळशी डाव्या कडेवर, कळ उजव्या कुशीत
अंबडजवळच्या त्या गावात मी सून म्हणून गेले, तेव्हा मुलखावर राज्य निजामाचं होतं आणि घरावर सासूचं. निजाम एकवेळ परवडला, कारण तो लांब हैदराबादला राहायचा. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो.

पाणी बारवेवरून आणायचं. खोल दगडी विहीर, पायऱ्यांनी उतरायचं आणि भरल्या भांड्यांनिशी चढून यायचं. डोक्यावर घागर, डाव्या कडेवर कळशी. घागर सावरायला उजवा हात मोकळा हवा, म्हणून कळशी डावीकडेच घ्यायची, अशी घरची रीत होती.

एका सकाळी शेवाळावर माझा पाय सरकला. मी पडले नाही. भरलेली कळशी हिसका देऊन खाली गेली, तिच्याबरोबर मीही डावीकडे कलंडणार, तोच उजव्या कुशीत बरगडीखाली काहीतरी कचकन ओढलं गेलं आणि मी सरळ झाले. तोल सावरला, कळ मात्र मुक्कामाला आली.

नुसतं चालताना ती फारशी जाणवत नसे. डोक्यावर घागर घेतली तरी सोसवत होतं. पण कळशी कडेवर घेतली की उजवी कुशी पेटायची आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. अंगावर सूज नाही, खरचटलेलंही नाही. माझं दुखणंच आत्याबाईंना फितूर.

"डोक्यावर भरली घागर चालती, आन कडेवर कळशी न्हाई चालत?" आत्याबाई म्हणाल्या. "कळशी डाव्या अंगाला आन दुखून राह्यलं उजवं! असं बिलकुल नसतंय. सोंग हाय हे."

मलाही ते उलटंच वाटत होतं. नवऱ्याला विचारलं तर तो बैलांकडे बघू लागला. आठवडाभर टोमणे चालले, मग मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, निर्णय दिला: वाटूरला माहेरी सोडून यायचं, बरी झाली की बघू. त्या 'बघू'चा अर्थ मला ठाऊक होता. शेजारची सून अशीच माहेरी सोडली होती आणि वर्षाच्या आत त्या घरात दुसरी आली होती. मला भीती वाटली आणि त्याहून जास्त राग आला. आळशी असते तर एक वेळ ऐकून घेतलं असतं.

जायच्या आदल्या दिवशी कळशी उचलताना दुखऱ्या जागेवर आपोआप हात गेला. कुशी लाकडासारखी टणक झाली होती. कळशी ठेवली, तशी मऊ पडली. पुन्हा उचलली, पुन्हा टणक. डावी कुशी चाचपली, ती सैलच होती. मग ध्यानात आलं. कळशी मला डावीकडे वाकवायला बघते, आणि उजवी कुशी मागून ओढून मला सरळ धरते. डोक्यावरचं ओझं सरळ खाली येतं, बाजूला ओढत नाही, म्हणून तेव्हा तिला एवढं झुंजावं लागत नाही. पण हे सांगायचं कुणाला? सासूच्या कमरेला हात लावून दाखवणारी सून कुणी पाहिली होती?

सकाळी बैल जुंपले. माझं गाठोडं गाडीत पडलं. आत्याबाई दारात आल्या, चार जणींच्या देखत भरली कळशी उचलून त्यांनी डाव्या कडेवर घेतली आणि ताठ उभ्या राहिल्या. "हे बघ. या वयात उचलती मी. काय झालं मला?"

मी पुढे गेले आणि सरळ त्यांच्या उजव्या कुशीवर हात ठेवला. त्या दचकल्या. एक जाऊ तोंडाला पदर लावून मागे सरली. मी हात काढला नाही.

"आत्याबाई, हितं हात लावा," मी म्हणाले. "आता कळशी खाली ठेवा, मंग पुन्हा उचला."

त्या मला ढकलतील असंच वाटलं. पण त्यांनी हात लावला. कळशी ठेवली. उचलली. पुन्हा ठेवली. हात कुशीवरच राहिला. मामंजी गाडीवरून म्हणाले, उन्हं चढून राह्यलीत, निघायचं की नाही.

"बैल सोडा," आत्याबाई म्हणाल्या.

मला त्या आत घेऊन गेल्या. पालथं निजवलं, तव्यावर वाळू तापवून पुरचुंडी केली आणि माझी उजवी कुशी शेकायला बसल्या. त्यांचा हात जड होता, पण नेमका जागेवर पडत होता, जणू ती जागा त्यांना पूर्वीपासून ठाऊक होती.

"माझी पन हीच बाजू दुखायची," त्या म्हणाल्या. "पयल्या लेकराच्या आधी. सगळ्यांनी सोंग म्हनलं, मंग मलाबी तसंच वाटाया लागलं."