क्वाइट गुड

लग्नानंतर वैजयंतीबाई नागपूरहून लीड्सला आल्या, तेव्हा 'क्वाइट गुड' म्हणजे 'फारच छान' असं त्या समजत. शेजारीण पोह्यांना क्वाइट गुड म्हणाली, तर भोळ्या बाई दुसऱ्या दिवशी तिला डबाभर देऊन आल्या! 'बरे आहेत' हे इंग्रज माणूस असं गोड करून सांगतो, हे कळायला वर्षं लागली.

२००६ साली त्या शिक्षण खात्यात मूल्यमापनाचं काम करत होत्या. इंग्रजी न येणाऱ्या मुलांना घरच्या भाषेच्या आधाराने कसं शिकवायचं, याचं प्राथमिक शिक्षकांना दिलेलं प्रशिक्षण नुकतंच संपलं होतं. त्याच्या अहवालाचं काम बाईंकडे आलं, आणि त्यांनी तो जीव ओतून लिहिला. कारण त्यांचा मुलगा कबीर लहानपणी शाळेत गेला तेव्हा त्याला मागच्या बाकावर रंगीत खडू देऊन बसवलं होतं, आणि 'घरी तुमची भाषा बोलू नका' असा सल्ला दिला होता. बाईंनी तो मुकाट्याने पाळला होता.

हजेरी भरपूर होती. अभिप्रायात मात्र बहुतेकांची खूण 'क्वाइट गुड'वर. खरा निकष होता वर्गातला बदल. एका सत्रानंतर बाई वर्गांत जाऊन बसल्या, तर चाळीसपैकी नऊच शिक्षक शिकलेलं वापरत होते. बाकीच्या वर्गांत तेच मागचं बाक, तेच खडू. बाकीचे सांगत होते, "पटतं हो, पण वर्गात करून दाखवणारं कोणी नाही." म्हणून बाईंची मुख्य शिफारस होती: अनुभवी शिक्षकाने पुढचं वर्षभर या वर्गांत जाऊन सोबत शिकवावं, आणि मग पुन्हा पाहणी व्हावी.

बाईंचे वरिष्ठ रिचर्डसाहेब यांनी एक्सलंट, गुड आणि क्वाइट गुड यांची मोट बांधली आणि पहिल्याच पानावर टाकलं: एक्क्याण्णव टक्के शिक्षक समाधानी.

"पण क्वाइट गुडचा अर्थ इथे काय होतो, हे तुम्हाला मी सांगायचं?" बाईंनी विचारलं.

साहेब हसले. निरीक्षणाचे आकडे परिशिष्टात गेले. एवढे समाधानी असल्यावर पुढच्या भेटी कशाला, म्हणून शिफारस सरळ उडाली. आणि वर बाईंचं नाव तसंच! निघताना साहेब म्हणाले, "तुमचा अहवाल क्वाइट गुड आहे हं, वैजयंती." बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तोंडून निघालं ते 'थँक यू'. स्वतःचीच चीड आली त्यांना.

संध्याकाळी केंब्रिजहून कबीरचा फोन आला. आईसाठी तो मोडक्यातोडक्या मराठीत बोलायचा. "आई, तुझी रिपोर्ट कसा झाली?"

"साहेब म्हणाले, क्वाइट गुड."



"ओह. सॉरी, आई."

एवढं मात्र त्याला बरोबर कळलं.