पहिल्या पगाराची साडी

आईनं मला पत्र लिहिलं ते बचत गटाच्या वहीतलं पान फाडून. फोन घरात होता, पण तिचं म्हणणं असं की फोनवर मी नुसतं व्हय व्हय म्हणतो आणि ठेवून देतो. गंगापूरहून वाळूजला रोज जीप आणणारा आमच्या गावचा ड्रायव्हर ते पत्र भाकरीच्या फडक्यासोबत मी नुकताच लागलो होतो त्या कंपनीच्या गेटवर देऊन गेला.

आई लिहायला शिकली ती गटातच. सभेचा वृत्तान्त लिहायची पाळी यायची, म्हणून शिकली. त्यामुळे तिला लिहिण्याची तेवढी एकच पद्धत ठाऊक होती. पत्राची सुरुवात अशी होती: "विषय क्रमांक एक. तुझा पगार. पगार खात्यात आला की आधी बचत बाजूला टाकणे. मग मेस, खोली, बाकीचं. पोस्टात आरडी काढणे. दर महिन्याला दोन हजार." विषय क्रमांक दोनमध्ये विचारलं होतं की जेवण बरं मिळतं का. आणि शेवटी, "वरील विषय सर्वानुमते मंजूर." सही एकटीची.

खोलीतले मित्र ते वाचून हसून हसून लोळले. एक जण म्हणाला, "भाऊ, तुझ्या घरात ठराव पास होतो, तुला मतच नाय." मीही हसलो. पण मनातून चिडलो होतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. पगाराचं काय करायचं हे मला कळत नाही असं तिला का वाटावं?

माझं ठरलेलं होतं. पहिल्या पगारातून आईला साडी घ्यायची, आणि ती शहरातल्या गुलमंडीतूनच. गावातल्या बाया लग्नाचा बस्ता बांधायला जिथं जातात तिथली, चांगल्या काठाची. माझ्या फीसाठी आईनं गटातून तीनदा कर्ज उचललं आणि दुसऱ्याच्या शेतात खुरपून ते फेडलं. त्या सगळ्या वर्षांत तिनं स्वतःसाठी घेतलेली साडी मला आठवत नाही.

पगार आला तेव्हा पहिला धक्का बसला. मी महिन्याच्या मध्यावर रुजू झालो होतो, म्हणून भरलेल्या दिवसांचाच पगार. त्यातून पीएफ कापलेला, कॅन्टीनचे कापलेले. मोबाईलवरचा आकडा मी दोनदा वाचला. मग हिशेब असा केला की साडी आधी घेऊ, कारण ती पहिल्याच पगाराची हवी. मेसवाल्याला द्यायचं देऊ. जे उरेल ते आरडीत.

गुलमंडीत दुकानदारानं विचारलं, "कोणासाठी?" मी म्हणालो, "आईसाठी. पहिला पगार आहे." त्यानं गादीवर दहा साड्या उलगडल्या. अशा वेळी स्वस्तातली मागणं जमत नाही. मीही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी मेसवाल्यानं सांगितलं की नवीन माणसाकडून दोन महिन्यांचे आगाऊ घेतो. ते दिल्यावर आरडीपुरतं काही उरलं नाही.

रविवारी गावी गेलो. आई ओट्यावर सतरंजी झटकत होती. दुपारी गटाची सभा आमच्याकडे होती. मी पिशवी तिच्या हातात दिली. तिनं ती न उघडताच विचारलं, "पासबुक आणलं का?"

"अगं, आधी बघ तरी."

"बघते. पासबुक?"

"पुढच्या महिन्यापासून काढतो. या महिन्यात उरलं नाही."

"उरलं तर टाक असं म्यां लिहिलं व्हतं का?"

वडील बाजेवरून म्हणाले, "लेकरानं हौसेनं आणलीय, नेस की." आईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "वापस देऊन ये." मी बिल दाखवलं. खाली छापलेलं होतं, माल बदलून मिळेल, पैसे परत मिळणार नाहीत. तिनं ते बोट ठेवून सावकाश वाचलं आणि पिशवी आत नेऊन ठेवली. मला वाटलं, मिटलं.

दुपारी बाया जमल्या. त्यांची रीत मी लहानपणापासून बघत आलोय. बसल्या बसल्या आधी प्रत्येकीनं आपली बचत मधल्या रुमालावर ठेवायची, मग कर्जाचे हप्ते, मग कोणाला नवीन कर्ज हवं असेल तर त्याची चर्चा, आणि सगळ्यात शेवटी चहा. बचत न आणणारीला चहा मिळतो, पण कर्जाची गोष्ट काढता येत नाही. शेजारच्या काकू रुमालावर पैसे ठेवता ठेवता सांगत होत्या की मुलाचा साखरपुडा ठरलाय आणि उद्या गंगापूरला स्वतःसाठी साडी घ्यायला जायचंय.

आई उठून आत गेली. बाहेर आली ती पिशवी घेऊनच.

"ही बघ. गुलमंडीची हाय. बिलासकट. बिलाचे दे, वर एक रुपया नको."

मी दारातून म्हणालो, "आई, ती तुझ्यासाठी आणलीय."

"माझ्यासाठी आणली ना? मग माझी झाली. माझ्या साडीचं मी बघते."

बाया हसल्या. काकूंनी पदर उलगडून उजेडात धरला, काठावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "देऊ का रे बाबा पैसे? मागून मनात आणशील." सगळ्यांसमोर नको म्हटलं असतं तर आईचा शब्द पडला असता. काकूंनी कमरेच्या पिशवीतून नोटा काढून मोजल्या, आईनं त्या माझ्या हातात ठेवल्या. "पोस्टात आधी जा. मग ड्युटीवर."

परतीच्या जीपमध्ये हातात पैसे होते आणि मी कधी नव्हे इतका चिडलेलो होतो.

त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती, म्हणून सोमवारी सकाळी पोस्टात गेलो. आधार, पॅन, फोटो, फॉर्म. वारसाच्या रकान्यात आईचं नाव लिहिलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "खातं पंधरा तारखेच्या आत उघडलंय, तर दर महिन्याला पंधराच्या आत भरायचं. चुकलं की दंड. पगार कधी होतो?" मी सांगितलं, सातपर्यंत. "मग पगार झाला की लगेच या," त्या म्हणाल्या. मला त्यांचाही राग आला, कारण त्या आईसारखंच बोलत होत्या.

पासबुकाचा फोटो पाठवला. आईचा फोन आला. "बरं झालं. साडी खातं पिकलं की आण." खातं पाच वर्षांचं आहे, आणि तिला ते माहीत होतं.

हप्ता एकदाही चुकलेला नाही. त्याचा उपयोग होईल हे मलाही कळतं, आणि आईचं चुकलं असं मी कोणाला सांगत नाही. पण गावी गेलो की सणासुदीला काकू ती साडी नेसून ओट्यावर येतात. मागच्या दसऱ्याला सोनं द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुझ्या पहिल्या पगाराची हाय रे. लई जपून नेसते." शेजारी आई तिची जुनी हिरवी साडी नेसून उभी होती. तिनं वाकून काकूंच्या निऱ्या सारख्या केल्या आणि म्हणाली, "काठ चांगला हाय. पोराला पारख हाय."

मी आपट्याची पानं हातात घेऊन आत निघून गेलो.