अर्धं कुप्रो, अर्धं पॉलिस्टर

माझे सासरे कोट शिवतात आणि माझे वडील कोट धुतात. दोघांची दुकानं शेजारी-शेजारी, मध्ये एक भिंत आणि भिंतीला एक दार. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, काय सोय झाली! सोय झाली खरी, पण कोटांची. मी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, लाँड्रीत काम करतो, त्यामुळे त्या दारातून कोट माझ्याच हातून ये-जा करतात. त्यांच्याबरोबर निरोपही जातात. कोट घडी घालून जातात, निरोप मात्र आहेत तसेच.

सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात, मीही. अंगाने काडी, पण हट्ट असा की हत्तीने ढकलला तरी हलायचा नाही. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान चहा पितानाही काढत नाहीत, त्यामुळे कप उचलला की टकटक वाजतो. त्यांची एक खोड साऱ्या गावाला माहीत आहे. समोरच्याने कोट घातला असला, की हे त्याची बाजू उचलून आतलं अस्तर बघणार. ओळख असो वा नसो. मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला गेलो तेव्हा त्यांनी शिक्षण विचारलं नाही, कमाई विचारली नाही. माझ्या ब्लेझरचा पदर उलटला, अस्तर बोटांत चोळलं आणि म्हणाले, "पॉलिस्टर. हं." आणि आत निघून गेले. त्या 'हं'मधून बाहेर यायला मला सहा महिने लागले.

मास्तरांच्या लेखी अस्तर म्हणजे कुप्रो. कापसाच्या सरकीला चिकटून राहिलेल्या बारीक तंतूंपासून होतं, रेशमासारखं सुळसुळतं आणि घाम शोषून घेतं. पॉलिस्टर घाम शोषत नाही, म्हणून त्यांच्या मते ते अस्तरच नव्हे, आतून लावलेली पिशवी. "आणि लोकरी कोटाला पॉलिस्टर लावा. वाफेने लोकर आक्रसते, पॉलिस्टर जागचं हलत नाही, आणि मग अस्तर खालून डोकावतं. परकरासारखं!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन.

यंदा मास्तरांचे दिवस बरे नव्हते. लोक तयार कोट घेतात. दुकानातलं दुसरं मशीन कापड पांघरून बसलं होतं. एका तयार कपड्यांच्या कारखान्याने मास्तरांना बोलावलं होतं, दिवसभर नुसत्या कॉलर लावायला. कोट पूर्ण बघायलाही मिळणार नव्हता. मास्तर त्यावर काही बोलत नव्हते, आणि हा माणूस बोलत नाही म्हणजे घरात आजारपण आल्यासारखंच.

तेवढ्यात मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरबाई आल्या. काउंटरवरच्या साऱ्या मंडळींना जॅकेटं हवी होती. अट एकच, धुता आली पाहिजेत, कारण ती माणसं रोज दहा-दहा तास उभी असतात. बाहेरचं कापड बाईंनीच दिलं, पाण्याने तसूभर न आटणारं. मास्तरांनी नमुन्याचं जॅकेट शिवलं, आत अर्थातच कुप्रो. बाईंनी ते आठवडाभर एकाला घालायला दिलं आणि मग धुवायला आमच्याकडे पाठवलं.

धुऊन आलं ते बघून मला घाम फुटला. बाहेरचं कापड होतं तेवढंच होतं आणि अस्तर बोटभर आखडलं होतं. उंच भावाने बुटक्याचा हात धरून चालावं तसं ते जॅकेट वाकलं होतं. खालची कड आत वळलेली, बाह्यांची टोकं मुडपलेली, पाठीवर सगळीकडे चुण्या.

"व्याहीबुवा," अण्णा दारातून म्हणाले, "हे माझ्या मशीनने केलेलं नाही. मी थंड पाण्यात, हळू चालवून धुतलंय."

"मग तुमच्या नळाला काय कढत पाणी येतं?" मास्तर शिवणावरून मान वर न करता म्हणाले.

"कुप्रो पाण्यात आटतं हे मी तुम्हाला सांगायचं?"

"मी भिजवून मगच कापतो! भिजवल्याशिवाय माझी कात्री लागत नाही कुप्रोला!"

"भिजवलं म्हणजे काय, तोंडाने फुर्र केलं असेल."

"जावईबापू," मास्तर माझ्याकडे वळले, "तुमच्या वडिलांना सांगा, आम्ही पाणी बादलीत घेतो, तोंडात नाही."

अण्णा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. पण रीत म्हणजे रीत, म्हणून मी सांगितलं.

मॅनेजरबाईंनी कपाळाला हात लावला, पण भल्या बाई. म्हणाल्या, अजून एक नमुना बघते. तोही असाच आला, तर तयार जॅकेटं मागवते. अण्णा म्हणाले, झक्कास, आता पॉलिस्टर लावा आणि मोकळे व्हा. मास्तर म्हणाले, त्यापेक्षा कारखान्यात कॉलर लावीन. बायको घरी मला म्हणाली, "तू काहीतरी कर ना." मी काय करणार? मी दोघांच्या मधलं दार आहे. दार काय करतं?

मग मास्तरांनीच एक उद्योग केला. मला बोलावलं आणि माझ्या मापाचं एक जॅकेट पुढे केलं. बाहेरून साधं, बाईंनी दिलेल्या कापडातलं. आतून डावीकडे कुप्रो, उजवीकडे पॉलिस्टर.

"हे काय?"

"न्याय," मास्तर म्हणाले. "एकाच अंगावर, एकाच पाण्यात. घालून हिंडा, मग तुमचे वडील धुतील. सगळ्यांचे डोळे उघडतील."

म्हणून मी हिंडलो. डाव्या काखेत झुळूक, उजव्या काखेत भट्टी. उजवी बाही घालताना हात चिकटायचा आणि काढताना चटचट ठिणग्या उडाल्यासारखा आवाज यायचा. बँकेत गेलो तर शिपायाने विचारलं, एकीकडेच का घाम येतोय? म्हटलं, सासरवाडीची बाजू कोरडी आहे.

जॅकेट धुतलं, वाळलं, आणि भिंतीतल्या दारात दोघं व्याही उभे राहिले. कुणीच जिंकलं नाही, आणि हेच दोघांना सहन होईना.

कुप्रोची बाजू पुन्हा आखडली होती. शिवाय डाव्या काखेतली शिवण उसवली होती. मास्तरांना आत जाड शिवण चालत नाही, ते शिवणीबाहेरचं कापड अगदी काठापर्यंत छाटतात. कुप्रोचे धागे कापल्या कडेने सुटतात, आणि ओलं झालं की ते कापड कमजोरही पडतं. मग धरायला काही उरतच नाही.

पॉलिस्टरची बाजू आटली नव्हती, पण तिच्या शिवणींवर बारीक लाटा उठल्या होत्या, जसं काही कुणी दोरा ओढून धरला आहे. मास्तरांनी मशीनमधल्या दोऱ्याचा ताण कुप्रोसाठी बसवलेला होता. तोच ताण घट्ट विणीच्या, सटकणाऱ्या पॉलिस्टरला जास्त झाला. वर अण्णांनी नेहमीच्या सवयीने गरम इस्त्री फिरवली होती. जिथे ती थांबली, तिथे अस्तर आकसून काचेसारखं चकाकत होतं.

"इस्त्री!" मास्तर ओरडले.

"ताण!" अण्णा ओरडले.

माझी बायको मशीनपाशी बसून हे सगळं ऐकत होती. तिने कुप्रोचा एक तुकडा घेतला, त्यावर खडू न लावता दोऱ्याचे दोन टाके घातले, बरोबर तिच्या एका वितीच्या अंतरावर. (खडू पाण्याने जातो, हे बापाचंच शिक्षण.) तो बादलीत बुडवला आणि सावलीत पसरला. जरा ओलसर असतानाच मोजला. टाके वितीच्या आत आले होते.

"बघा, आटलं," मास्तर म्हणाले. "म्हणून तर मी आधी भिजवतो."

"थांबा बाबा. आता तुम्ही नेहमी करता तशी इस्त्री करा."

मास्तरांना इस्त्री करायला सांगायचं म्हणजे गवयाला गायला सांगायचं. त्यांनी तुकडा टेबलावर टाकला, डाव्या हाताने टोक धरून ताणलं आणि उजव्या हाताने इस्त्री ओढली. एकही चुणी राहिली नाही. आरशासारखं तोंड बघावं असं कापड. गावात अशी इस्त्री कुणाला जमत नाही.

बायकोने वीत लावली. टाके पुन्हा तंतोतंत वितीवर.

मास्तरांच्या अंगुस्तानाची टेबलावर टकटक सुरू झाली.

"म्हणजे," अण्णा सावकाश म्हणाले, "पाण्याने आटवायचं आणि ओलं असताना ओढून परत लांब करायचं. मग माझ्या मशीनमध्ये ते पुन्हा..."

"कळलं," मास्तर म्हणाले.

"नाही, मी फक्त..."

"व्याहीबुवा, कळलं म्हटलं ना!"

अण्णांना हसू आवरत नव्हतं. मी त्यांना दाराच्या अलीकडे ओढलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते दार लावून घेतलं. पलीकडून मास्तरांचा आवाज येत होता, "चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी सुरकुती ठेवली नाही!" आणि बायकोचा, "सुरकुती राहू द्या ना बाबा, अस्तर कोण बघतं?" त्यावर जी शांतता पसरली, तिच्यात मला बायकोची काळजी वाटली.

लोकरी कोट ड्रायक्लीनच होतात, कधी पाण्यात जातच नाहीत, म्हणून ही चूक इतकी वर्षं झाकून राहिली, असं मास्तरांनी नंतर मला सांगितलं. चूक हा शब्द न वापरता.

दुसऱ्या नमुन्याचं कुप्रो त्यांनी भिजवलं आणि आडवं पसरून वाळवलं. इस्त्री करताना डावा हात त्यांनी चक्क पाठीमागे धरला होता, शाळेतल्या शिक्षा झालेल्या मुलासारखा. इस्त्री उचलायची, ठेवायची, ओढायची नाही. शिवणीबाहेर अर्धं बोट कापड ठेवलं आणि कडा मशीनवर गुंफून घेतल्या. पाठीत उभी चुणी, तळाला एक सैल घडी, म्हणजे अस्तर थोडं आटलंच तर त्याला कुठून तरी घ्यायला मिळावं. प्रत्येक टाक्याला ते काहीतरी पुटपुटत होते. मी ऐकलं नाही, जावयाने ऐकू नये असं असावं.

मॅनेजरबाईंनी तेही आठवडाभर घालायला दिलं, अण्णांनी धुतलं. या वेळी अण्णांनीही इस्त्री मंद ठेवली आणि मध्ये सुती कापड टाकलं, कुणी न सांगता. बाईंनी जॅकेट उलटं केलं, कड बघितली, काखेत बोट घालून ओढून बघितलं. कड सरळ, शिवण जागेवर. घालणाऱ्या माणसाने सांगितलं, आत गरम होत नाही.

"चालेल," बाई म्हणाल्या. "सगळी शिवा. पण एक अट. धुवायची फक्त या शेजारच्या लाँड्रीत. दुसरीकडे बिघडली तर मी कुणाला विचारू?"

मास्तरांनी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी मास्तरांकडे. जन्मठेप ऐकताना दोघा आरोपींनी एकमेकांकडे बघावं तसं.

दुसऱ्या मशीनवरचं कापड निघालं. त्यावर आता बायको बसते. भिंतीतलं दार पुन्हा उघडलं आणि आता दिवसभर बंदच होत नाही. आजच सकाळी मास्तरांचा निरोप आला, "त्यांना सांगा, इस्त्री मंद." अण्णांचा परत गेला, "त्यांना सांगा, डावा हात मागे."

ते अर्धं-अर्धं जॅकेट मास्तरांनी मला फेकू दिलेलं नाही. चांगलं कापड आहे, म्हणतात, काखेत टाका घालून दिलाय, वापरा. थंडीत मी ते घालतो आणि आखडलेलं अस्तर ओढतं तसा थोडा डावीकडे कलून चालतो.