सलाइनची पट्टी

चेतना सिस्टरचा स्वभाव असा की घराला कुलूप लावून जिना उतरली तरी परत वर जाऊन ओढून बघायची. आणि अकरा वर्षं नर्स असल्यामुळे या खोडीला नोकरीत शाबासकीच मिळत आली होती. औषध कपाटातून काढताना नाव वाचायचं, सिरिंजमध्ये भरताना वाचायचं आणि टोचायच्या आधी पुन्हा वाचायचं, हा तिच्या वॉर्डातला कायदा. डॉक्टरांनी फोनवरून डोस सांगितला की ती लिहून घेई आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवी. डॉक्टर चिडले तरी दाखवी. सोलापुरातल्या त्या खासगी हॉस्पिटलात तिच्या हातून एकही चुकीचं इंजेक्शन गेलं नव्हतं, आणि याचा तिला गर्व होता. असावाच.

पण याच सवयीनं तिला दोनदा इंग्रजीच्या परीक्षेत आडवं पाडलं.

ऑस्ट्रेलियातल्या एका हॉस्पिटलनं तिची मुलाखत घेऊन जागा धरून ठेवली होती, पण मार्चअखेरपर्यंतच. तोवर इंग्रजीच्या परीक्षेत हवे तेवढे गुण आणून दाखवायचे. चेतनाला जायचं होतं ते एका गोष्टीसाठी. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी सहज सांगितलं होतं की आमच्या वॉर्डात एका नर्सकडे चार पेशंट असतात. चार! चेतनाकडे इथं बावीस असत. चार पेशंट असले तर माणूस त्यांच्याशी दोन शब्द बोलू शकेल, त्यांच्या उशाशी घटकाभर बसू शकेल, या विचारानं तिला त्या रात्री झोप लागली नव्हती.

इंग्रजी तिचं वाईट नव्हतं. वाईट होतं ते घड्याळ. परीक्षा सगळी कॉम्प्युटरवर, बोलणं, लिहिणं, वाचणं, ऐकणं असे चार भाग. बोलायचं तेही कानाला हेडफोन लावून मशीनशीच. पडद्यावर उतारा येतो, तो मनात वाचायला तीस-चाळीस सेकंद मिळतात, मग बीप वाजतं आणि मोठ्यानं वाचायचं. मधे तीन सेकंद गप्प बसलात तर मशीन समजतं, बाईंचं झालं, आणि माईक बंद करतं. वाचनाच्या भागाला साधारण तीस मिनिटं आणि पंधरा-सोळा प्रश्न. एका प्रश्नावरून पुढं गेलं की मागं येता येत नाही. वेळ संपला की प्रश्न उरलेले असोत नसोत, पडदा आपोआप पुढच्या भागात जातो. तिथं गयावया चालत नाही.

पहिल्या खेपेला एका शब्दाचा उच्चार चुकला तशी ती सवयीप्रमाणे "सॉरी" म्हणाली आणि उतारा पहिल्यापासून वाचू लागली. निम्म्यावर वेळ संपला. मग पुढचे सगळे उतारे तिनं त्याच दुःखात वाचले. दुसऱ्या खेपेला वाचनाच्या भागात प्रत्येक उत्तर तीनदा तपासलं. घड्याळात चार मिनिटं उरली तेव्हा कळलं की सात प्रश्न बाकी आहेत. तिनं डोळे मिटल्यासारखी उत्तरं ठोकली, ती बहुतेक चुकली आणि तरीही तीन प्रश्न राहिलेच. ऐकण्याच्या भागातही तेच. त्यात शेवटी श्रुतलेखन असतं, एकेक वाक्य एकदाच ऐकू येतं आणि ते जसंच्या तसं टाइप करायचं. फोनवरून ऑर्डर घेणाऱ्या नर्सला याहून सोपं काय? पण चेतना तिथपर्यंत पोचलीच नाही.

जुळे सोलापुरात तिचा क्लास होता. हृषीकेश सर वयानं तिच्याहून सात वर्षांनी लहान, म्हणून ते तिला ताई म्हणत आणि ती त्यांना सर म्हणे. सरावाच्या वेळी ते मागं उभे राहत.

"ताई, नेक्स्ट दाबा."

"एकदा बघते, सर."

"दोनदा बघितलंय की! सोडा आता."

"चुकलं असलं तर?"

"चुकू द्या. एक चुकेल. तुम्ही एकासाठी तीन घालवताय."

हिशोब तिला समजत होता, बोट मात्र माउसवर हलत नसे. अकरा वर्षं ज्या बोटांना सांगितलं, तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही, त्यांना आता उलटं कोण समजावणार? सरांनी तिला श्वासाचा व्यायाम शिकवला, सकाळी चालायला सांगितलं. ती रोज चालली, पाय तेवढे दुखले. तिसरी आणि शेवटची तारीख मार्चच्या मध्यावर होती. त्यानंतर पुन्हा परीक्षा देऊन निकाल आणण्याइतका वेळ नव्हता.

परीक्षेला आठ दिवस राहिले असताना वॉर्डात माढ्याच्या दगडाबाई दाखल झाल्या. वय पंच्याहत्तर, हृदय नाजूक. चेतनानं सलाइन लावलं आणि बाटलीवर पांढऱ्या चिकटपट्टीची उभी पट्टी लावून तीवर वेळा लिहिल्या. दहा वाजता पाणी इथवर यावं, बारा वाजता इथवर, दोनला इथवर. पेनाच्या तीन रेघा, की येता-जाता नुसत्या नजरेनं कळतं.

बाराच्या सुमारास वॉर्डातली आया शिवबाई हाक मारत आली. "शिष्टर, आजीची बाटली लई मागं हाय. हात मुडपून झोपली व्हती. जोरात सोडू का, भरून निगंल?"

"हात लावू नको!" चेतना जवळजवळ ओरडलीच. "मागं पडली म्हणून एकदम सोडायची नसते. छातीत पाणी होईल तिच्या. गेलं ते गेलं. आता किती उरलंय आणि किती वेळात द्यायचं ते बघायचं, आणि थेंबांचा वेग नव्यानं लावायचा."

बोलून झालं आणि ती नळीवरच्या चाकावर बोट ठेवून तशीच उभी राहिली. आपण दुसऱ्या खेपेला काय केलं होतं? बाटली मागं पडली म्हणून चार मिनिटांत सगळी जोरात सोडली होती. आणि तपासण्याची सवय मोडायचा आटापिटा करत बसलो, पण बाटलीला पट्टी लावायची सवयही आपलीच की!

"काय झालं, शिष्टर?" शिवबाईनं विचारलं.

"काय नाही गं. गाढव आहे मी," चेतना म्हणाली आणि थेंब मोजू लागली.

त्या संध्याकाळी तिनं क्लासमध्ये कागदावर एक उभी रेघ ओढली. तीन खुणा केल्या. वीस मिनिटं उरतील तेव्हा पाच प्रश्न झालेले हवेत, दहा उरतील तेव्हा दहा, दोन उरतील तेव्हा शेवटचा प्रश्न समोर. मागं पडलं तर पळायचं नाही, उरलेला वेळ उरलेल्या प्रश्नांत वाटायचा. सरांनी तो कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "ताई, हे मी पुढच्या बॅचला शिकवणार." पहिल्या सरावात ती एका प्रश्नानं मागं राहिली, चौथ्यात खुणेवर आली. तरी अर्धवट उत्तर सोडून पुढं जाणं तिच्या जिवावरच येई. तेव्हा तिला आप्पा आठवत. मैंदर्गीला शेतात राहणारे तिचे वडील, ईश्वरप्पा. लहानपणी पाटीवरचं अक्षर वाकडं आलं की ती पुसून-पुसून पाटी भिजवायची आणि आप्पा म्हणायचे, "होगली बिडु." जाऊ दे, सोड. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायची, पण हे दोन शब्द कानडीतच बोलले जात.

परीक्षा पुण्याला दुपारी होती. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं ती गेली. डबा उघडलाच नाही. सेंटरवर पर्स, घड्याळ, फोन सगळं लॉकरमध्ये ठेवून घेतलं आणि लिहून पुसता येईल अशी एक वही अन् पेन दिला. परीक्षा सुरू होईपर्यंत त्यात काही लिहायचं नाही, असंही बजावलं.

बोलण्याचा भाग सुरू झाला तसा अख्खा हॉल एकदम बोलू लागला. शेजारचा तर जणू पलीकडच्या इमारतीशी बोलत होता. चेतनाला त्याचं काही वाटलं नाही, भेटीच्या वेळेत वॉर्डात याहून जास्त कालवा असतो. दोन उतारे नीट गेले. तिसऱ्यात एका लांबलचक शब्दावर ती अडली. हा शब्द कसा म्हणायचा, असा विचार करत राहिली, आणि माईक बंद.

पहिल्या खेपेची आठवण नको तितकी लख्ख उभी राहिली. ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, मला येतं हे! पण पुढचा उतारा पडद्यावर आला होता आणि त्याचे सेकंद पळू लागले होते. तिनं एक लांब श्वास सोडला, ओठांतल्या ओठांत आप्पांचे शब्द म्हणाली आणि बीप वाजताच वाचू लागली. पुढं एक शब्द चुकला. ती थांबली नाही, चुकलेल्या शब्दावरून तशीच पुढं गेली.

वाचनाचा भाग सुरू होताच वहीत उभी रेघ, तीन खुणा. वीस मिनिटं उरली तेव्हा चारच प्रश्न झालेले. तरी तिनं वेग वाढवला नाही. अकरा प्रश्न, वीस मिनिटं, एकाला पावणेदोनच्या आसपास. परिच्छेदांचा क्रम लावायचा एक प्रश्न काही केल्या सुटेना. पहिले दोन जुळत होते, बाकीचे नाहीत. जुळले तसे ठेवले, बाकीचे अंदाजानं लावले आणि नेक्स्ट दाबलं. बोटाला अक्षरशः दुखलं. शेवटचा प्रश्न समोर आला तेव्हा पडद्यावरच्या घड्याळात अडीच मिनिटं होती.

ऐकण्याच्या भागात ती श्रुतलेखनाशी पोचली तेव्हा सहा मिनिटं हातात होती. पहिलं वाक्य कानात आलं आणि तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. फोनवरची ऑर्डरच की ही! तिनं लिहिलं, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिसऱ्यांदाही वाचलं. आता वेळ होता. शेवटची चारही वाक्यं तिनं आपल्या वॉर्डाच्या कायद्यानं पुरी केली.

निकालाचा मेल दोन दिवसांनी आला, औषधं वाटण्याच्या ऐन वेळी. खिशात फोन थरथरला. नऊ खाटा बाकी होत्या. तिनं त्या नऊ खाटा पुऱ्या केल्या, प्रत्येक गोळी तीनदा बघून, आणि मग औषधांच्या खोलीत जाऊन मेल उघडला. हवे होते तेवढे गुण चारही भागांत होते. बोलण्यात तर नेमके काठावर. तिनं आकडे एकदा बघितले, दोनदा बघितले, तीनदा बघितले. मग तिनं आप्पांना फोन लावला.

"आप्पा, झाले पास."

"व्हय? नीट बगितलीस का?"

"तीनदा बघितलं."

"मग बराबर असंल," आप्पा म्हणाले, आणि एकदम गप्प झाले.

माईक बंद पडू नये म्हणून गप्प राहिलेले सेकंद मोजायची तिला सरावाच्या आठ दिवसांत सवयच लागून गेली होती, मनात आपोआप आकडे सुरू झाले. एक, दोन, तीन. मैंदर्गीच्या शेतातला वारा फोनमध्ये ऐकू येत होता. सात, आठ. आई गेल्यामागं या माणसाला तिच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि परीक्षेच्या पायी इतके दिवस तिनं या गोष्टीकडं बघणंच टाळलं होतं. तेरा, चौदा. तिनं मोजणं सोडून दिलं. फोन ठेवला नाही, नुसती कानाला लावून उभी राहिली.

बऱ्याच वेळानं आप्पांनी घसा साफ केला.

"होगली बिडु," ते म्हणाले. "कदी निगायचं म्हनतीस?"