रविवारावर सगळ्यांची टिक

समजा, अंबडपासून जाफराबादपर्यंत पसरलेल्या वीस-पंचवीस माणसांना एका खोलीत एकाच वेळी बसवायचंय. तुम्ही काय कराल? एकेकाला फोन केलात तर दिवस मावळेल. कल्याणीनं तेच केलं जे आज कुणीही करील: ग्रुपवर पोल टाकला.

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात ती काम करायची. तालुक्यातालुक्यातल्या विक्री प्रतिनिधींची खरिपाच्या आधीची मीटिंग ठरवायची होती. मुकुंदसाहेब म्हणाले, "चार दिवस टाक. रविवार पण टाक." तिनं टाकला. रविवारी संभाजीनगरला तिची सरकारी भरतीची परीक्षा होती. ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. नोकरी सोडायला निघाली म्हणून साहेबांनी आधीच दार दाखवलं असतं. सुट्टीच्या दिवशी कोण होकार देतंय, असं धरून ती निवांत होती.

पहिली टिक साहेबांनी केली. रविवारला.

पोलमध्ये कुणी काय निवडलं ते नावासकट दिसतं. जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळी नावं साहेबांच्या नावाखाली येऊन बसली.

मंग खासगीत जाफराबादच्या रामप्रसादचा मेसेज आला. "ताई, रविवारी बहिणीचा साखरपुडाय. पण साहेबाच्या समोर न्हाई कसं म्हणू?" त्याच्यामागून अंबडचा संपत: "काही तरी जुगाड करा ना, मॅडम."

तिनं बिननावाचा फॉर्म केला. तेच चार दिवस; ज्याला जे जमतील ते सगळे निवडायचे, आणि इतरांची उत्तरं कुणाला दिसणार नाहीत. सगळ्यांनी भरला. बुधवार सर्वांना जमत होता. रविवारला एकही टिक नव्हती.

ती बुधवारचं सांगायला साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"ग्रुपवर तर बराबर रविवार ठरल्ता," साहेब म्हणाले. "मी बी भरला तुझा फॉर्म, तुझं मन राखायला. आता माझ्यामागं कोण न्हाई म्हणून राह्यलं? नावं सांग."

"फॉर्मात नावं नाहीत, सर."

"मंग ग्रुपवरचं खरं. तुला जमतंय ना रविवारी?"

सांगायचं तर हाच क्षण होता. पण परीक्षा म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच. आणि रामप्रसादचं नाव घेतलं, तर उद्या तिनं त्याला तोंड कसं दाखवावं?

"जमतंय, सर."

टेबलाशी येऊन तिनं लिहिलं: 'सर्वांच्या सोयीनुसार मीटिंग रविवारी सकाळी दहा वाजता, ऑफिसच्या हॉलमध्ये. कृपया वेळेवर यावे.' 'सर्वांच्या सोयीनुसार' खोडलं, पुन्हा लिहिलं. पाठवलं आणि वर पिन केलं. पहिला अंगठा रामप्रसादचा आला.

पर्समधलं हॉलतिकीट तिनं आणखी आत सारलं. फॉर्म पुन्हा उघडला. रविवारपुढे शून्यच होतं. म्हणजे साहेबांनीही तो निवडला नव्हता.

मंग हा रविवार नेमका कुणाला हवा होता?